जीवनगौरव पुरस्कार : चित्रफितीआधीचे निवेदन आणि त्याची वेळ

जीवनगौरव पुरस्काराच्या सोहळ्यात सत्कारमूर्तींची ओळख सहसा चार वेळा होते. निवेदक परिचय करून देतो, त्यानंतर तीन-चार मिनिटांची चित्रफीत दाखवतात, मग मानपत्राचे वाचन होते आणि शेवटी प्रमुख पाहुणे आपल्या भाषणात तेच पुन्हा सांगतात. जन्म, शिक्षण, पहिली नोकरी, मिळालेले पुरस्कार हे सगळे चौथ्यांदा ऐकण्याची वेळ येते तेव्हा सत्कारमूर्तींच्या चेहऱ्यावरही संकोच दिसू लागतो. यातले परिचयाचे निवेदन सर्वांत लहान असते, पण सर्वांत जास्त तेच बिघडते. त्याचा शेवट ठरवणे निवेदकाच्या एकट्याच्या हाती नसते, चित्रफितीची सुरुवात तो ठरवते.

भोर-वेल्हे परिसरातल्या शाळा, ग्रंथालये, मंडळे आणि सहकारी संस्था असे सोहळे आता वरचेवर करू लागल्या आहेत, आणि चित्रफीत तयार करणारा एखादा हुशार तरुण गावोगावी मिळतो. निवेदन लिहायला बसणाऱ्यांच्या मनात मात्र तेच ते प्रश्न असतात. किती बोलायचे? नाव आधी घ्यायचे की नंतर? ‘आता आपण एक चित्रफीत पाहू या’ असे म्हणायचे की नाही? उत्तरे शोधण्याचे काम चित्रफितीपासूनच सुरू करावे लागते.

आधी चित्रफीत, मग कागद

चित्रफीत पाहिल्याशिवाय निवेदनाचा एकही शब्द लिहू नये. ती पूर्ण झालेली नसेल तर संकलन करणाऱ्याकडून निदान पहिली वीस सेकंद आणि शेवटची वीस सेकंद मागून घ्यावीत. घड्याळ हाती घेऊन ती पाहावीत आणि चार वेळा कागदावर नोंदवाव्यात. पहिले दृश्य कितव्या सेकंदाला येते? पहिला मानवी आवाज कधी ऐकू येतो? शेवटचे बोललेले वाक्य कधी संपते? शेवटचे चित्र पडद्यावरून कधी जाते? या चार आकड्यांवरून निवेदनाचा जवळजवळ सगळा आराखडा ठरतो.

त्याच कागदावर आणखी एक नोंद हवी. चित्रफितीत कोणत्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांची एक साधी यादी करावी. त्यात नाव, गाव, सालांचे तपशील, पुरस्कार, आणि कोणकोण सत्कारमूर्तींबद्दल काय बोलले आहे, हे सगळे यावे. ही यादी म्हणजे निवेदकाने काय बोलू नये याची यादी असते.

चित्रफितीला जे दाखवता येत नाही, ते बोलावे

अभिनेते अशोक सराफ यांना २०२३ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. त्यांच्यावर तीन मिनिटांची चित्रफीत करायची झाली तर संकलक सुरुवातीला काय घेईल हे कुणालाही सांगता येईल. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’मधला धनंजय माने दिसेल, १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ची एखादी चौकट दिसेल, आणि पडद्यावर तो चेहरा येताच प्रेक्षक हसू लागतील. अशा चित्रफितीआधी निवेदकाने ‘धनंजय माने इथेच राहतात का’ हे विचारून टाळ्या घेतल्या, तर चित्रफितीचा पहिला हशा तिथेच खर्ची पडतो. तेच दृश्य पडद्यावर आल्यावर लोक हसतात, पण अर्धेच.

पडद्यावर जे येणे अवघड आहे, ते निवेदकाने घ्यावे. अशोक सराफ बराच काळ स्टेट बँकेत नोकरी करत होते आणि ती सांभाळून नाटके करत होते. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’ नाटकातला विदूषक ही त्यांची रंगभूमीवरची सुरुवातीची भूमिका. बँकेतल्या त्या दिवसांचे चित्रण सहसा कुणाकडे नसते. म्हणून ‘दिवसा बँकेच्या खिडकीमागे बसणारा एक तरुण संध्याकाळी तोंडाला रंग लावून विदूषक होत असे’ एवढे एक वाक्य बोलून निवेदक थांबला, की पडद्यावर उमटणारा हशा त्या वाक्याचे उत्तर होतो. त्यात नावसुद्धा घेण्याची गरज पडत नाही. सभागृहातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते.

इथेच नावाचा प्रश्नही सुटतो. सर्वांना ठाऊक असलेल्या व्यक्तीचे नाव शेवटी, म्हणजे चित्रफितीनंतर घ्यावे. तालुक्याबाहेर फारशी ओळख नसलेल्या व्यक्तीचे नाव मात्र अगदी पहिल्या वाक्यात, स्पष्ट आणि पूर्ण घ्यावे. नाव दडवून उत्सुकता वाढवण्याचा प्रयत्न अशा वेळी फसतो. पाहुण्यांना चित्रफीत अर्धी होईपर्यंत ही कोण व्यक्ती आहे हेच कळत नाही, आणि मागच्या रांगेत ‘कोण आहेत हे?’ अशी कुजबुज सुरू होते.

उत्रोलीतला एक नमुना

समजा, उत्रोलीतल्या एका संस्थेने वेल्ह्याच्या डोंगराळ भागात आयुष्यभर शिकवलेल्या निवृत्त शिक्षकांना जीवनगौरव द्यायचे ठरवले आहे. चित्रफीत तीन मिनिटे वीस सेकंदांची आहे. तिच्या नोंदी अशा :

- ०:०० ते ०:०४ – काळा पडदा, आवाज नाही
- ०:०४ ते ०:१६ – भाटघरचे पाणी, पावसातली भातखाचरे, फक्त बासरी
- ०:१६ – एका माजी विद्यार्थ्याचा आवाज, गुरुजींची पहिली आठवण
- ३:०८ – शेवटचे वाक्य संपते
- ३:०८ ते ३:२० – गुरुजींचे स्थिर छायाचित्र, बासरी हळूहळू बंद होते

निवेदकाने लिहिलेला पहिला मसुदा असा आहे. सुरुवातीला गुरुजींचे पूर्ण नाव येते आणि मग :

‘पावसाळ्यात शाळेपर्यंत पोहोचणे हीच जिथे मुलांची रोजची परीक्षा असते, अशा एका वाडीवरच्या शाळेत गुरुजी रुजू झाले. बदलीची संधी आली. त्यांनी ती घेतली नाही. त्या शाळेतली मुले आज भोरच्या बाजारपेठेत दुकाने चालवतात, पुण्याच्या कारखान्यांत काम करतात, काही जण स्वतःच शिक्षक झाले. त्यांच्यातल्या काही जणांना आम्ही एकच प्रश्न विचारला. गुरुजी म्हटल्यावर पहिल्यांदा काय आठवतं?’

मजकूर चांगला आहे. गुरुजींच्या नोकरीची सालवारी त्यात नाही, कारण ती मानपत्रात येणार आहे. बदली न घेतल्याची गोष्ट चित्रफितीत नाही, म्हणून ती इथे आली. शेवटी प्रश्न आहे आणि चित्रफितीतला पहिला आवाज त्याचेच उत्तर देतो. कागदावर हा सांधा उत्तम बसतो.

सभागृहात तो बसत नाही. प्रश्न विचारून झाल्यावर चित्रफीत सुरू होते, चार सेकंद काळोख राहतो, पुढे बारा सेकंद पाणी आणि खाचरे दिसतात. विद्यार्थ्याचा आवाज येतो तो सोळाव्या सेकंदाला. तोपर्यंत प्रश्न लोकांच्या मनातून निघून गेलेला असतो. बोललेला प्रश्न साधारण पाच-सहा सेकंद ऐकणाऱ्याच्या मनात ताजा राहतो, त्यानंतर तो विरतो. इथे निवेदकासमोर तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग संकलकाकडे जाण्याचा. काळा पडदा दोन सेकंदांवर आणि दृश्य चार सेकंदांवर आणले की सहाव्या सेकंदाला आवाज येतो आणि प्रश्न-उत्तर जुळते. चित्रफीत अजून हातात असेल तर हाच मार्ग घ्यावा. दहा सेकंद कमी केल्याने तिचे काहीही बिघडत नाही.

दुसरा मार्ग शेवटचे वाक्य बदलण्याचा. चित्रफितीची सुरुवात संथ दृश्यांनी होत असेल तर निवेदनाचा शेवट प्रश्नाने न करता त्या जागेशी नेऊन ठेवावा. ‘ती वाडी, तो पाऊस आणि ती मुले आजही तिथेच आहेत’ असे एखादे वाक्य पाण्याच्या दृश्याशी आपोआप जोडले जाते आणि सोळा सेकंदांची शांतता त्याला पोसते. थोडक्यात, चित्रफीत आवाजाने उघडत असेल तर प्रश्न आणि दृश्याने उघडत असेल तर जागा, हा हिशेब बहुतेक वेळा पुरतो.

तिसरा मार्ग चालू चित्रफितीवर बोलण्याचा. प्रश्नाआधीचा सगळा मजकूर संपवून खूण करावी, पडद्यावर पाणी दिसू लागल्यावर बासरीवर शेवटचा प्रश्न विचारावा, आणि लगेच विद्यार्थ्याचा आवाज यावा. हे जमले तर फार सुंदर दिसते. पण त्यासाठी निवेदकाला पडदा दिसायला हवा, माइक आणि चित्रफितीचा आवाज वेगवेगळे कमी-जास्त करणारा माणूस मिक्सरजवळ हवा, आणि त्याच जागेवर निदान तीन वेळा सराव व्हायला हवा. गावातल्या उघड्या मंडपात, पाहुण्यांच्या उशिरामुळे सराव राहून जाण्याची शक्यता असताना, हा मार्ग न घेणे शहाणपणाचे.

शब्द किती

व्यासपीठावरून सावकाश, स्पष्ट बोलताना मराठीत मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. घरात वाचताना हाच वेग १३० च्या पुढे जातो, म्हणून घरी मोजलेले चाळीस सेकंद मंचावर पन्नास होतात. चित्रफीत तीन मिनिटांची असेल तर तिच्याआधीचे निवेदन पाऊण ते एक मिनिटाचे, म्हणजे ७५ ते १०० शब्दांचे असावे. त्याहून लांबले की चित्रफीत हा निवेदनाचा पुरावा वाटू लागते.

तिसरा मार्ग निवडला असेल तर मोजणी आणखी काटेकोर हवी. वरच्या उदाहरणात दृश्य बारा सेकंदांचे आहे. सुरुवातीचे तीन सेकंद लोकांनी पडदा पाहण्यासाठी आणि शेवटचे दोन सेकंद विद्यार्थ्याच्या आवाजाआधी मोकळे सोडावे लागतात. उरलेल्या सात सेकंदांत बारा-तेरा शब्दच बसतात. प्रश्नाची दोन वाक्ये बारा शब्दांची आहेत, म्हणून ती कशीबशी बसतात. आणखी एक शब्दही वाढवता येणार नाही.

कागदावर शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरांत, वेगळ्या ओळीवर लिहावे आणि ते पाठ करावे. बाकीचे पाहून वाचले तरी चालते. शेवटचे वाक्य बोलताना मात्र नजर कागदावर नसावी.

चित्रफीत लावणाऱ्याशी काय ठरवायचे

लॅपटॉपवर बसणाऱ्याला निवेदनाचा छापील कागद द्यावा आणि शेवटच्या वाक्याखाली जाड रेघ मारावी. खुणेचे वाक्य हेच. ‘झालं की सांगतो’ किंवा ‘मी हात करीन’ यावर भरवसा ठेवू नये. अंधारात हात दिसत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी कुणीतरी त्याला पाण्याची बाटली देत असते. शेवटचे वाक्य ठरल्याप्रमाणेच, एक शब्दही न बदलता बोलायचे, ही निवेदकाची बाजू. वाक्य संपल्यावर मनात ‘एक’ म्हणून मगच कळ दाबायची, ही त्याची.

त्याच्याबरोबर सोहळ्याआधी एकदा हे पाहून घ्यावे :

- चित्रफीत लॅपटॉपवर उतरवून घेतलेली असावी. पेनड्राइव्हवरून किंवा इंटरनेटवरून थेट लावू नये.
- व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून आलेली प्रत घेऊ नये. ती दाबून लहान केलेली असते आणि मोठ्या पडद्यावर चेहरे धुरकट दिसतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली मूळ प्रत मागावी.
- एचडीएमआय केबल जोडली की लॅपटॉप अनेकदा आवाज प्रोजेक्टरकडे पाठवतो आणि मंडपातले स्पीकर मुके राहतात. आवाज वेगळ्या केबलने मिक्सरला देऊन, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये तो मार्ग निवडून ठेवावा आणि स्पीकरवर ऐकून खात्री करावी.
- `Windows + P` दाबून `Extend` निवडले की लोकांना लॅपटॉपचा पडदा, त्यावरची चिन्हे आणि आलेले निरोप दिसत नाहीत.
- चित्रफीत पहिल्या चौकटीवर थांबवून ठेवावी. ती चौकट काळी असेल तर पडदा आधीपासून उजळ दिसत नाही, म्हणून सुरुवातीचे दोन सेकंद काळे असणे सोयीचे.

उघड्या मैदानात प्रोजेक्टर असेल तर कार्यक्रमपत्रिकेतली वेळ सूर्यावर अवलंबून असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास, आणि त्यानंतर आणखी अर्ध्या तासाने पडद्यावरचे चेहरे ओळखू येतात. पाच वाजताचा सोहळा असेल तर चित्रफीत मागे ढकलावी किंवा एलईडी पडदा भाड्याने घ्यावा. वीज जाण्याची शक्यता धरून लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंत प्रोजेक्टर बंद पडतो आणि पुन्हा उजळायला त्याला वेळ लागतो, हे निवेदकाला ठाऊक असायला हवे.

टाळ्या, दिवे आणि खुर्ची

‘जोरदार टाळ्यांच्या गजरात पाहू या’ असे म्हटल्याने चित्रफितीची पहिली सात-आठ सेकंदे टाळ्यांत बुडतात. पहिला आवाज त्याच सेकंदांत असेल तर तो कुणालाच ऐकू येत नाही. टाळ्यांचे आवाहन चित्रफितीनंतर करावे, आधी करू नये. ‘आता आपण चित्रफीत पाहणार आहोत’ ही सूचनाही शेवटी नको. ती द्यायचीच असेल तर निवेदनाच्या पहिल्या वाक्यात द्यावी. शेवटी आली की तीच खुणेचे वाक्य होऊन बसते आणि आधी रचलेला सगळा सांधा तुटतो.

दिवे शेवटच्या वाक्याच्या आधी मंद करायला सुरुवात करावी. म्हणजे वाक्य संपताना मंडप अंधारलेला असतो आणि लोकांची नजर आपसूक पडद्याकडे वळते. माइक मात्र चित्रफीत सुरू होताच, आणि तिसरा मार्ग घेतला असेल तर प्रश्न संपताच, बंद करायला हवा. चालू राहिला तर पोडियमवर कागद चाळल्याचा आवाज आणि निवेदकाचा श्वास बासरीत मिसळतो.

सत्कारमूर्ती कुठे बसले आहेत, हा प्रश्न बहुतेक संयोजकांना त्या क्षणापर्यंत सुचत नाही. पडदा सहसा मंचाच्या मागच्या बाजूला असतो आणि सत्कारमूर्ती मंचावर, पडद्याकडे पाठ करून. मग ज्यांच्या आयुष्यावर चित्रफीत आहे तेच मान वळवून, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून ती पाहतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तीन मिनिटे तशी मान वळवणे त्रासाचे असते, आणि लोकांना त्यांचा चेहरा पाहायला मिळत नाही. त्यांना पहिल्या रांगेत, घरच्यांच्या शेजारी बसवावे आणि चित्रफितीनंतर मंचावर बोलवावे. प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी मंचावर बसवण्याची प्रथा मोडणे अवघड असेल तर खुर्च्या मधोमध न ठेवता एका बाजूला, पडद्याकडे तिरक्या ठेवाव्यात. पोडियम दुसऱ्या बाजूला असावे, नाहीतर निवेदकाचे डोके पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहते.

चित्रफीत संपल्यावर

शेवटचे छायाचित्र पडद्यावरून गेल्यावर निवेदकाने लगेच बोलू नये. वरच्या नमुन्यात शेवटचे वाक्य ३:०८ ला संपते आणि चित्र ३:२० पर्यंत राहते. या बारा सेकंदांत टाळ्या सुरू होतात, त्यांना पुरे होऊ द्यावे. दिवे हळूहळू वाढावेत. मग एकाच वाक्यात नाव, पुरस्काराचे नाव आणि तो स्वीकारण्याची विनंती यावी : ‘संस्थेचा यंदाचा जीवनगौरव पुरस्कार स्वीकारण्यासाठी गुरुजींनी मंचावर यावे, ही विनंती.’ चित्रफीत किती छान झाली, कुणी केली, यावर बोलण्याची ही जागा नाही. ती करणाऱ्याचे नाव आभारप्रदर्शनात घ्यावे, आणि तिथे ते विसरू नये.

गुरुजींना चालायला वेळ लागत असेल तर त्या वेळात शब्द भरू नयेत. सनई किंवा बासरी लावावी. कुणाचा हात धरून ते येणार आहेत, तेही आधी ठरवावे.

चित्रफीत लागलीच नाही तर

कळ दाबल्यानंतर दहा सेकंदांत काहीच झाले नाही, तर निवेदकाने राखून ठेवलेला एक परिच्छेद बोलायला सुरुवात करावी. हा परिच्छेद आधी लिहिलेला असावा, चाळीस-पन्नास सेकंदांचा असावा, आणि त्यात चित्रफितीत नसलेली एक पूर्ण घटना असावी. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ हे शब्द टाळावेत. ते ऐकताच सगळे लोक मान वळवून लॅपटॉपकडे पाहू लागतात.

चित्र आले पण आवाज नाही, तर पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावावी. एक मिनिट उलटून गेले असेल तर पुन्हा लावू नये. चित्रफितीतल्या निवेदनाचा छापील कागद निवेदकाजवळ असेल तर त्याने तो चालू चित्रांवर वाचावा. वाचन चित्रांशी तंतोतंत जुळत नाही, पण लोकांना अर्थ लागतो. म्हणून तो कागद संकलकाकडून आधीच मागून घेतलेला बरा. चित्रफीत अजिबात सुरूच होत नसेल तर एका मिनिटानंतर थेट पुरस्कार प्रदान करावा आणि ती मनोगतानंतर दाखवावी. तेव्हा मात्र पहिले निवेदन पुन्हा वाचू नये.

संमती आणि गाणी

चित्रफीत आणि निवेदन दोन्ही सत्कारमूर्तींना किंवा त्यांच्या जवळच्या माणसाला आधी दाखवावे. दिवंगत जोडीदाराचे छायाचित्र, घरातला जुना वाद, आजारपण यांपैकी काय सर्वांसमोर यावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. बदलीची गोष्ट सांगायची असेल तर तीही त्यांना विचारूनच सांगावी. आठवणीतून आलेली आणि गुरुजींनी स्वतः कधी न सांगितलेली गोष्ट मंचावरून बोलणे योग्य नाही. नावाचा उच्चार, आडनाव आणि ‘श्री.’, ‘डॉ.’, ‘गुरुवर्य’ यांतले काय लावायचे, हेही त्यांनाच विचारावे.

चित्रफितीला जोडलेले चित्रपटगीत हा वेगळा प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे राहतो, आणि गीत व चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. त्यामुळे जुन्या तबकडीवरचे गाणेही आपोआप मुक्त होत नाही. परवानगी न घेतलेले गाणे असलेली चित्रफीत सोहळ्यानंतर यूट्यूबवर टाकली की आवाज बंद केला जाऊ शकतो किंवा चित्रफीतच काढली जाऊ शकते. गावातल्याच एखाद्या बासरीवादकाकडून वाजवून घेतलेली स्वतंत्र सुरावट वापरली आणि त्याची लेखी संमती घेतली, तर ही अडचण येत नाही. कुटुंबाकडून घेतलेली छायाचित्रे कुठेकुठे वापरली जाणार आहेत, तेही त्याच वेळी लिहून घ्यावे आणि सोहळ्यानंतर मूळ छायाचित्रे परत करावीत.